गाडी नेली मेहुण्याने, नोटीस आली मालकाला

नशिराबादमध्ये कोणाची गाडी मागणे ही मागणी समजलीच जात नाही. एका अंगाला जळगाव, दुसऱ्या अंगाला भुसावळ, दोन्ही हाकेच्या अंतरावर आणि मध्ये चौपदरी महामार्ग. स्टेशनवर कोणाला सोडायचे असते, जळगावच्या सिव्हिलमध्ये डबा पोहोचवायचा असतो, शेतात मोटार चालू झाली की नाही ते पाहून यायचे असते. ‘भाऊ, जरा गाडी दे, दहा मिनिटांत आलो,’ एवढे म्हटले की खुंटीवरची चावी हातात पडते. मेहुण्याला नाही म्हणणे तर आपल्याकडे जवळजवळ अपमानच. अशा वेळी पेट्रोल किती आहे एवढेच विचारले जाते. लायसन आहे का, गाडीचा विमा कधी संपतो, हे कोणी विचारत नाही.

कायद्याच्या दृष्टीने मात्र चावी हातातून गेली त्या क्षणी गाडीची जबाबदारी दोन तुकड्यांत फाटते आणि हे तुकडे वेगवेगळ्या माणसांकडे जातात. गाडी कशी चालवली याचा फौजदारी जाब चालवणाऱ्याला द्यावा लागतो. गाडीमुळे कोणाचे नुकसान झाले तर पैशाचा जाब चालवणाऱ्याबरोबर मालकालाही द्यावा लागतो. आणि मालक म्हणजे आरसीवर ज्याचे नाव आहे तो. पैसे कोणी भरले, हप्ते कोण फेडतो, गाडी रोज कोणाच्या अंगणात उभी असते, यातले काहीही मोटार वाहन कायदा 1988 विचारत नाही. कर्जाच्या गाडीचा आणि मालक अल्पवयीन असल्याचा अपवाद सोडला, तर नाव ज्याचे तोच मालक.

एक प्रसंग कल्पून तो शेवटपर्यंत नेला की हे नीट उलगडते. समजा, नशिराबादचे एक शिक्षक आहेत. त्यांची 110 सीसीची दुचाकी आहे, एमएच 19 पासिंगची. संध्याकाळी मेहुणा ती घेऊन भुसावळकडे निघतो. टोलनाक्याच्या अलीकडे, अंधार पडता पडता, रस्ता ओलांडणाऱ्या एका माणसाला गाडीची धडक बसते. माणूस 34 वर्षांचा, हातावर पोट असलेला, महिन्याला साधारण 15,000 रुपये कमावणारा. घरी बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. दवाखान्यात नेईपर्यंत तो जातो.

पोलीस गुन्हा नोंदवतात तो मेहुण्यावर. भारतीय न्याय संहितेची दोन कलमे यात हमखास येतात. 281 म्हणजे बेदरकारपणे वाहन चालवणे आणि 106 चे पहिले पोटकलम म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यूला कारण होणे. या दुसऱ्या कलमात पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. जुन्या दंडसंहितेत ती दोन वर्षांपर्यंत होती. शिक्षक घरी वह्या तपासत होते, त्यामुळे या कलमांखाली ते आरोपी होत नाहीत. गाडी दिली एवढ्यावरून कोणी कोणाच्या मृत्यूचा गुन्हेगार ठरत नाही.

पण गाडी जप्त होते. आरटीओचे निरीक्षक येऊन ब्रेक, दिवे, टायर तपासतात आणि अहवाल देतात. मग ती न्यायालयाकडून सुपूर्दनाम्यावर सोडवून आणायची, आणि तो अर्ज करायचा शिक्षकांनी, कारण आरसी त्यांची. 2022 साली केंद्राने अपघाताच्या तपासासाठी नवे नियम केले. त्यांत पोलिसांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, आणि चालक व मालक यांच्याकडून वेगवेगळे फॉर्म भरून घ्यायचे असतात. म्हणजे मालकाची पाळी अपघातानंतर वर्षाने येणाऱ्या नोटिशीने सुरू होत नाही, पहिल्या महिन्यातच येते. गाडीचा विमा होता का, चालवणाऱ्याकडे लायसन होते का, गाडी त्याच्याकडे कशी गेली, ही उत्तरे तेव्हाच कागदावर उतरतात आणि पुढे कायम चिकटून राहतात.

आता पैशाकडे येऊ. मृताचे कुटुंब मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाते. दावा अपघात झाला तिथेच करावा असे बंधन नाही. दावेदार जिथे राहतात तिथेही करता येतो. मृत माणूस अकोल्याचा असेल तर शिक्षकांना अकोल्याच्या तारखा कराव्या लागतील. नुकसानभरपाई कशी काढायची याची रीत सर्वोच्च न्यायालयाने 2009 आणि 2017 च्या निकालांत घालून दिली आहे आणि देशभर तीच चालते. महिन्याच्या 15,000 मिळकतीत, माणूस चाळिशीच्या आत आणि स्वतःच्या कमाईवर जगणारा असल्याने, पुढे होणाऱ्या वाढीचे 40 टक्के मिळवायचे. झाले 21,000. घरात चार जण अवलंबून आहेत, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा करायचा. राहिले 15,750. वर्षाचे 1,89,000. वय 31 ते 35 च्या गटात असले की याला 16 ने गुणायचे. उत्तर येते 30,24,000. त्यावर अंत्यविधीचा खर्च, पत्नी-मुलांच्या वियोगाची रक्कम आणि दाव्याच्या तारखेपासूनचे व्याज वेगळे.

दुचाकीची किंमत असेल साठ-सत्तर हजार. दावा तीस लाखांच्या वर. ज्यांना वाटते की ‘आपली साधी गाडी, तिने असे किती नुकसान होणार,’ त्यांनी एवढा एक हिशेब लक्षात ठेवला तरी पुष्कळ. नुकसानभरपाई गाडीच्या किमतीवरून ठरत नाही, समोरच्याचे वय आणि कमाई यांवरून ठरते.

हे तीस लाख कोणी द्यायचे? निकालात सहसा असे येते की चालक, मालक आणि विमा कंपनी यांनी एकत्रित आणि वेगवेगळे द्यावेत. याचा अर्थ कुटुंब तिघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते. मेहुण्याने द्यावेत, मी कशाला, हे शिक्षकांचे म्हणणे न्यायाधिकरणापुढे चालत नाही. ते भांडण मागाहून मेहुण्याशी करायचे, वाटल्यास दिवाणी न्यायालयात. मृताच्या बायकोला त्यात ओढता येत नाही.

गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू असेल आणि मेहुण्याकडे त्या गाडीचे पक्के लायसन असेल, तर गोष्ट इथेच जवळजवळ संपते. विमा कंपनी पूर्ण रक्कम भरते. मृत्यू आणि शारीरिक इजा यांसाठी थर्ड पार्टी विम्याला वरची मर्यादा नाही. मर्यादा असते ती समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला. गाडी मालकच चालवत असला पाहिजे अशी अटही नाही. पॉलिसीच्या कागदावर ‘ड्रायव्हर’ या शब्दापुढे सरळ लिहिलेले असते की मालकासह कोणीही चालवू शकतो, फक्त त्याच्याकडे वैध लायसन असावे आणि ते काढून घेतलेले नसावे. विमा गाडीबरोबर जातो. मित्राला गाडी दिली की विमा बाद होतो ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे आणि ती चुकीची आहे. 75 ते 150 सीसीच्या दुचाकीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता जून 2022 मध्ये ठरला तो 714 रुपये, कर वेगळा. तीस लाखांपुढे हा आकडा ठेवून पाहावा. तरी आपल्या भागात विमा संपलेल्या दुचाक्या रस्त्यावर कमी नाहीत. नवी गाडी घेताना शोरूमवाल्याने जो पाच वर्षांचा थर्ड पार्टी दिला असतो तो संपतो, आणि मग आठवण करायला कोणी येत नाही.

विमाच नसेल तर तीस लाखांचा रस्ता थेट शिक्षकांच्या घराकडे येतो. शिवाय विमा नसलेली गाडी चालवली, किंवा दुसऱ्याला चालवू दिली, यासाठी 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, हे वेगळेच. ‘चालवू दिली’ हे शब्द कायद्यात आहेत आणि ते मालकासाठीच आहेत.

खरा घोळ होतो तो मधल्या जागी. विमा आहे, पण मेहुण्याकडे लायसन नाही. किंवा आहे, पण दुसऱ्याच गाडीचे. हे दुसरे फार होते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. लायसनवर गाडीचे प्रकार इंग्रजी अक्षरांत छापलेले असतात: MCWG म्हणजे गिअरची दुचाकी, MCWOG म्हणजे बिनगिअरची, LMV म्हणजे हलके चारचाकी वाहन. कारचे लायसन आहे म्हणजे मोटारसायकल चालवता येते, असे नाही. बिनगिअरच्या लायसनवर स्कूटी चालेल, स्प्लेंडर चालणार नाही. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला बिनगिअरचे लायसन मिळते खरे, पण ते 50 सीसीपर्यंतच्या गाडीपुरते. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर 110 किंवा 125 सीसीच्या आहेत. त्यामुळे ‘त्याच्याकडे लायसन आहे’ असे सांगणारा बाप खोटे बोलत नसतो, पण त्या लायसनचा त्या गाडीला उपयोग नसतो.

अशा वेळी विमा कंपनी हात झटकते का? 2004 च्या स्वर्णसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने याचा निवाडा केला. थोडक्यात असा: चालकाकडे लायसन नव्हते एवढे दाखवून कंपनीची सुटका होत नाही. मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने तशा माणसाच्या हाती गाडी दिली, हे कंपनीने सिद्ध करायचे. आणि ते सिद्ध झाले तरी मृताचे कुटुंब रिकाम्या हाताने परत जाऊ नये म्हणून न्यायाधिकरण कंपनीला आधी पैसे भरायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगू शकते. वकील मंडळी याला ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात. वसुलीसाठी कंपनीला नवा दावा लावावा लागत नाही, त्याच न्यायाधिकरणाकडून ती करून घेता येते. ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखीही होऊ शकते. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला याचा अर्थ फोड करून सांगायला नको.

म्हणून मालकाने लायसन पाहिले होते की नाही, यावर पुढचे सगळे अवलंबून राहते. लायसन पाहिले, ते खरे वाटत होते, माणूस गाडी बरी चालवतो हे ठाऊक होते, एवढे पुरे. ते आरटीओत जाऊन तपासून आणावे अशी अपेक्षा न्यायालयांनी मालकाकडून ठेवलेली नाही. पुढे ते लायसन बनावट निघाले तरी अशा मालकाचा बचाव मजबूत राहतो. पाहिलेच नाही, तर बचाव नाही. आता डिजिलॉकरमध्ये लायसन असते. फोन पुढे करायला सांगितले की दहा सेकंदांत प्रकार आणि मुदत दोन्ही दिसतात. मेहुण्याला ते विचारणे अवघड जाते हे मान्य. पण चार दिवस आधी, चहाच्या वेळी, स्वतःचे दाखवत दाखवत त्याचेही पाहता येते.

‘मी दिलीच नव्हती, त्याने स्वतःच चावी उचलली,’ हे उत्तर किती चालते? दिल्लीतले एक प्रकरण 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2004 साली नात्यातल्या एका अल्पवयीन मुलाने घरातून मोटारसायकलची चावी घेतली आणि गाडी नेली. त्या गाडीच्या धडकेत एक माणूस गेला. मालकाचे म्हणणे, मला विचारलेच नव्हते. न्यायालयाने ते मानले नाही. आपली गाडी अल्पवयीनाच्या हाती लागणार नाही हे पाहणे मालकाचे काम आहे, असे म्हणून कंपनीला मालकाकडून वसुलीची मुभा कायम ठेवली. खुंटीवर, टीव्हीच्या बाजूला, कधी गाडीलाच लटकलेली राहणारी चावी आपल्या घरांत सवयीचा भाग आहे, म्हणून हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा.

अल्पवयीनाच्या बाबतीत 2019 च्या दुरुस्तीने फौजदारी जाबही मालकापर्यंत आणला. नवे कलम 199-अ सांगते की अल्पवयीनाने या कायद्याखाली गुन्हा केला तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जाईल: तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे दाखवण्याचा भार मालकावर. पुण्यात कल्याणीनगरला 19 मे 2024 च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेखाली दोन तरुण अभियंते गेले, तेव्हा मुलाच्या वडिलांना अटक झाली. ती बातमी गाडीच्या किमतीमुळे गाजली. पण कलमाला गाडीची किंमत कळत नाही. दहावीतल्या भाच्याला ‘कोपऱ्यावरून दूध घेऊन ये’ म्हणून दिलेली जुनी स्कूटीही त्यातच येते, आणि भाचा आपला मुलगा नाही म्हणूनही सुटका नाही. कलमात ‘पालक किंवा मालक’ असे आहे.

लायसन नसलेला माणूस सज्ञान असेल तर गाडी देणाऱ्याला 5,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि चालवणाऱ्याला त्याचा 5,000 चा दंड वेगळा. नाकाबंदीत एकाच गाडीवर दोन रकमा लागल्या की लोक पोलिसांशी हुज्जत घालतात. पण एक रक्कम चालवल्याची असते, दुसरी चालवू दिल्याची.

कॅमेऱ्याच्या चलनाची गोष्ट निराळी. रस्त्यात पोलिसाने अडवले तर चालवणाऱ्याचे लायसन तिथेच नोंदले जाते. पण कॅमेऱ्याला चेहरा कळत नाही, नंबरप्लेट कळते. ट्रिपल सीट मेहुणा गेला आणि एसएमएस शिक्षकांना आला. गाडी कोण चालवत होता ते पोलिसांनी विचारले तर सांगणे हे मालकाचे कर्तव्य आहे, आणि न सांगणे हा स्वतंत्र गुन्हा. आठवत नाही म्हणून हात वर करण्यात फायदा नसतो. गाडी देताना व्हॉट्सअॅपवर ‘गाडी नेली, सहाला आणतो’ एवढा एक निरोप त्याच्याकडून आला असेल तर अशा वेळी तो उपयोगी पडतो, कारण त्यावर तारीख आणि वेळ असते. चलन तसेच ठेवले तर लोकअदालतीची नोटीस येते, आणि गाडी विकताना नाव बदलायला गेले की थकीत चलने आडवी येतात. गाडी नेणाऱ्याने हे पैसे स्वतःहून आणून दिल्याचे मी फारसे ऐकलेले नाही. चारचाकी असेल तर टोलही तुमच्याच फास्टॅगमधून जातो, आणि तो मागायला तर आपल्याकडे कोणाची जीभच रेटत नाही.

आता ज्या बाजूकडे कोणाचेच लक्ष जात नाही तिकडे येऊ. आतापर्यंत मेला तो रस्ता ओलांडणारा. पण मेहुणाच पडला आणि मेला तर?

सगळ्यांना वाटते की विमा आहे, म्हणजे मिळतील काहीतरी. कर्नाटकातले एक प्रकरण 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले, ते या समजुतीला थेट छेद देते. इळकल, जिथले लुगडे आपल्याकडच्या आज्या नेसत, तिथून एक माणूस दुसऱ्याची मोटारसायकल मागून घेऊन आपल्या गावी निघाला होता. पुढे लोखंडी पत्रे भरलेली बैलगाडी चालली होती. ती अचानक थांबली, गाडी तिच्यावर आदळली आणि तो गेला. त्याच्या वारसांनी, चूक कोणाची हे सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या तेव्हाच्या कलमाखाली त्याच मोटारसायकलच्या विमा कंपनीकडे दावा केला. न्यायालय म्हणाले, त्या कलमाखालचा दावा टिकणार नाही. ते कलम भरपाईचा भार मालकावर आणि त्याच्या विमा कंपनीवर टाकते, आणि गाडी मागून नेणारा त्या वेळेपुरता मालकाच्याच जागी उभा असतो. मालकाला स्वतःविरुद्ध दावा करता येत नाही, म्हणून त्यालाही येत नाही.

2020 मध्ये राजस्थानातल्या एका प्रकरणात हीच गोष्ट आणखी स्पष्ट झाली. तिथेही गाडी मागून आणलेली होती, पण धडक देणारी मोटारसायकल दुसरी होती. वारसांनी दावा केला तो मात्र मागून आणलेल्या गाडीच्या मालकावर आणि तिच्या विमा कंपनीवर. धडक देणारी गाडी बाजूलाच राहिली. न्यायालयाने तो दावा मान्य केला नाही. पॉलिसीतल्या वैयक्तिक अपघात संरक्षणाचे जे 1 लाख रुपये होते, तेवढे मिळाले. यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते: मेहुण्याला ट्रकने उडवले असेल तर दावा ट्रकच्या मालकावर आणि ट्रकच्या विमा कंपनीवर लावायचा. ट्रकचा नंबर, एफआयआरमध्ये त्याचा उल्लेख, साक्षीदार, हे पहिल्या दिवशी मिळवले नाही तर पुढे मिळत नाही. महामार्गावर ट्रक थांबत नाही हे इकडच्या माणसाला सांगायला नको.

ते वैयक्तिक अपघात संरक्षण आता 15 लाखांचे आहे. 2018 पासून ते वाढले. पण त्याचे पॉलिसीतले नाव ‘ओनर-ड्रायव्हर’ असे आहे, आणि अटींत लिहिलेले असते की तो माणूस आरसीवरचा मालक असावा, पॉलिसीवर त्याचे नाव असावे आणि त्याच्याकडे लायसन असावे. मेहुणा यातल्या पहिल्या दोन अटींतच बसत नाही. म्हणजे गाडीचा विमा अनोळखी माणसाला तीस लाख देतो, मालकाला पंधरा लाख देतो, आणि आपण ज्याला जीव लावून गाडी दिली त्या माणसाला बहुतेक वेळा काहीच देत नाही. त्याच्या स्वतःच्या नावाने वैयक्तिक अपघात विमा असेल तर तेवढाच त्याचा आधार. तो कोणाच्याही गाडीवर लागू होतो, आणि तो गाडीच्या पॉलिसीशी न जोडता स्वतंत्र घेता येतो.

मागे बसलेल्याचेही पाहून घ्यावे. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मागच्या सीटवर फुकट बसलेला सोबती तिच्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये सांगितले. पॅकेज पॉलिसी, म्हणजे आपण ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतो ती असेल तर येतो. त्यामुळे पाच वर्षे थर्ड पार्टी आणि एक वर्ष फुल अशी जी नव्या दुचाकीची पॉलिसी असते, तिचे पहिले वर्ष संपून फुल भाग पुढे चालू ठेवला नाही, की मागे बसलेली मेहुण्याची बायको संरक्षणाबाहेर जाते. कागदावर विमा चालूच दिसतो.

आपल्याच गाडीचा चुराडा झाला तर फुल इन्शुरन्समधून दुरुस्ती मिळते, चालवणाऱ्याकडे लायसन असेल आणि तो प्यालेला नसेल तर. मात्र दावा मालकाच्या नावावर लागतो आणि वर्षानुवर्षे साठवलेला नो क्लेम बोनस त्याचाच जातो. पाच वर्षे एकही दावा नसेल तर तो 50 टक्क्यांपर्यंत पोहोचलेला असतो. किरकोळ डेंट असेल तर दावा न करता गॅरेजचे बिल मेहुण्याशी वाटून घेणे स्वस्त पडते. अर्थात मेहुणा वाटून घेणारा असेल तर.

खासगी पासिंगची कार लग्नाला ‘द्या हो, दोन हजार देतो’ म्हणून दिली तर ती मात्र मदत राहत नाही, भाडे होते. खासगी पॉलिसीत भाड्याने वापर चालत नाही, हे वापराच्या मर्यादेत स्पष्ट लिहिलेले असते, आणि परवान्याशिवाय प्रवासी वाहतूक केल्याचा दंडही लागतो. नेणाऱ्याने परत आणताना पेट्रोलची टाकी भरून दिली तर त्याला भाडे म्हणणार नाहीत. रोख दोन हजार आणि फोनपेवर ‘गाडीचे’ असा शेरा, हे अवघड जाईल.

गाडी विकूनही नाव न बदलणारे या सगळ्याच्या आणखी पुढे आहेत. स्टँप पेपरवर नोटरी करून गाडी दिली, पैसे घेतले, आरसी तशीच. गाडी तीन हात बदलून पारोळ्याच्या कोणाकडे तरी फिरते. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच तऱ्हेच्या खटल्यात सांगितले की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच. त्या खटल्यातही गाडी एकापेक्षा जास्त जणांनी पुढे विकली होती. अशा माणसाने गाडी उसनी दिलेली नसते, पण कायद्याच्या दृष्टीने अजून तोच ती देत असतो.

शेवटची गोष्ट, आणि अपघाताच्या रात्री घराघरांत हीच सुचवली जाते: ‘त्याच्याकडे लायसन नाही ना, मग दादाचे नाव सांगू. दादाकडे आहे.’ पुण्याच्या त्या पोर्शे प्रकरणात घरच्या ड्रायव्हरवर दोष आपल्या अंगावर घेण्यासाठी दबाव आणल्याचा आरोप झाला आणि त्याचा वेगळा गुन्हा दाखल झाला. आपल्याकडे हे मोठ्या लोकांपुरते नाही. चालक बदलला की एकाच्या निष्काळजीपणाच्या गुन्ह्यात खोटी माहिती दिल्याचा दुसरा गुन्हा मिसळतो, त्यात दादाही अडकतो. आणि हा बदल फार काळ लपतही नाही. दवाखान्याच्या मेडिको-लीगल कागदावर ‘गाडी चालवताना पडला’ म्हणून ज्याच्या गुडघ्याची जखम लिहिली जाते, तो मेहुणा असतो. दादाचा फोन त्या वेळी जळगावच्या टॉवरवर असतो. आणि विमा कंपनीचा तपासनीस पहिल्यांदा हेच दोन कागद मागतो.